बजेट वाढलं तर विचारा

तिला सगळे मास्तर म्हणायचे. बाई असून मास्तर. हे नाव तिला दातांच्या लॅबमध्ये पडलं होतं आणि सव्वीस वर्षांत ते इतकं चिकटलं, की पगाराच्या पाकिटावरसुद्धा जुने मालक 'मास्तर' एवढंच लिहायचे. लॅब म्हणजे रक्त तपासायची नव्हे हं. डॉक्टर दात कोरतो, साचा घेतो, आणि तो साचा जिथे जातो ती लॅब. तिथे प्लॅस्टरचा जबडा ओततात आणि त्यावर कॅप बनवतात. कॅपचा रंग शेजारच्या दातांशी जुळवायचा, हे तिचं काम. वरून पांढरे दिसतात दात, पण मास्तरला विचाराल तर पांढरा दात तिने जन्मात पाहिला नव्हता. कुठे मुळाशी पिवळट, कुठे टोकाला निळसर, कुठे मधेच दुधाचा डाग. हे सगळं ती सिरॅमिकची पूड पाण्यात कालवून, बारीक ब्रशने थरावर थर चढवून भट्टीत भाजून आणायची. समोरच्या माणसाने तोंड उघडलं की तिचं लक्ष आधी दातांकडे जायचं, मग चेहऱ्याकडे.

तर ही मास्तर सहा महिने घरी बसली होती. जुने मालक वारले, मुलांनी लॅब मोडली, मशिनं विकली. वय अठ्ठेचाळीस. जिथे जाईल तिथे पंचविशीतली मुलं कॉम्प्युटरसमोर बसलेली आणि "तुम्हाला डिझाइनिंग येतं का?" हा प्रश्न ठरलेला. नाही येत बाबा. दात येतात.

घरात दोघीच. ती आणि आई. लग्न केलं नव्हतं, त्याची कारणं तिची तिला ठाऊक, आपण नाक खुपसायला नको. आई ब्याऐंशीची आणि गेल्या तीन वर्षांपासून तिच्या डोक्यातलं एकेक सामान कुणीतरी गुपचूप उचलून नेत होतं. मुलीला ओळखायची, पण मुलगी शाळेतून आलीय असं समजायची. रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का गं सुट्टी?" आणि मास्तर म्हणायची, "झाली." पगार होता तेव्हा दिवसभर आईला सांभाळायला एक बाई यायची. पगार गेला, बाई गेली. दोन महिन्यांपूर्वी मास्तर एका ठिकाणी मुलाखतीला दोन तास गेली, तेवढ्यात आईने गॅसवर रिकामं पातेलं चढवलं आणि खाटेवर जाऊन निजली. शेजाऱ्यांनी दार फोडलं. पातेलं कोळसा झालं होतं आणि आई धुरात खोकत, "कोण आलंय बघा" म्हणत बसली होती. तेव्हापासून मास्तर दुकानात जाऊन आली तरी आधी गॅस बघायची.

थोरली बहीण, म्हणजे ताई, पाच महिने काही ना काही पाठवत होती. आता तिचा नवरा या महिनाअखेर निवृत्त व्हायचा होता. ताईने सरळ सांगितलं, "यापुढे मला जमायचं नाही. एका संस्थेच्या वृद्धाश्रमात खाट रिकामी झालीय. फी नावापुरती आहे. तीस तारखेपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत. तोवर तुझी सोय लागली तर ठीक, नाहीतर आईला तिथे ठेवायचं. मी काही दगड नाही गं, पण माझ्या दोन खोल्यांत पाच माणसं आहेत."

दगड नव्हतीच ती. म्हणूनच मास्तरला तिच्याशी भांडताही येईना.

अशात जुन्या लॅबमधल्या एकाचा फोन आला. हा साचे ओतायचा, पायाच्या नखापासून पापणीपर्यंत पांढरा असायचा, म्हणून त्याचं नाव प्लॅस्टर. तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या लॅबमध्ये लागला होता.

"मास्तर, आमच्याकडे सिरॅमिकला माणूस पाहिजे. मी तुमचं नाव टाकलंय. मंगळवारी ट्रायलला या. आणि हो, जरा गोड बोला. इथला मॅनेजर आधी गाद्या विकायचा, त्याला दातातलं ओ की ठो कळत नाही."

मंगळवारी शेजारणीच्या हातापाया पडून तिने आईला तिच्याकडे बसवलं आणि ती गेली. ट्रायलला दिला पुढचा एकच दात. लॅबवाल्यांना ठाऊक असतं, बत्तीस दातांत सगळ्यात अवघड हाच. दोन्ही बाजूंनी खरे दात, आणि मधे तुमचा खोटा. आतली टोपी मशीनवर कापून तयार होती, वरचा रंग तिने चढवायचा होता. सोबत डॉक्टरची स्लिप होती, 'शेड ए-वन', म्हणजे रंगपट्टीतला फिकट रंग. आणि दोन फोटो.

मास्तरने फोटो पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. रंगपट्टी धरून काढलेला फोटो दात कोरून झाल्यावरचा होता. ओठ सुकलेले, गालाशी कापूस, आणि शेजारचे दात खडूसारखे. तासभर तोंड उघडं राहिलं की दात वाळतो, आणि वाळला की फिकट दिसतो. दुसऱ्या दिवशी थुंकीने भिजून पुन्हा आपल्या रंगावर येतो. दुसरा फोटो सुरुवातीचा, दात कोरण्याआधीचा होता, पेशंट बाई हसत होती, दात ओले होते. ते दात ए-वन नव्हतेच. एक पायरी गडद, ए-टू होते.

आता इथे तिने चूक केली. तिच्यासारख्या माणसाकडूनच होणारी चूक. जुन्या लॅबमध्ये असं काही दिसलं, की ती गुपचूप बरोबर रंगाची कॅप बनवायची आणि मालकांच्या टेबलावर ठेवताना फक्त म्हणायची, "वाळलेला होता." मालक डॉक्टरला फोन करून सांभाळून घ्यायचे. सव्वीस वर्षं हे असं चाललं. इथे ते मालक नव्हते. स्लिपवर एक ओळ लिहायला हवी होती, मॅनेजरला सांगायला हवं होतं. तिने ए-टूची सुंदर कॅप केली, टोकाला निळसर झाक दिली, बाईच्या शेजारच्या दातावरचा इवलासा दुधाळ डागसुद्धा उतरवला, मॉडेलवर बसवून ठेवली आणि आई काय करत असेल या काळजीने धावत घरी गेली.

शुक्रवारी मेल आला. नोकरी होती. पगार एकोणीस हजार. सोमवार संध्याकाळपर्यंत कळवा.

मास्तरने तो आकडा तीनदा वाचला. जुना पगार बत्तीस होता. तिचा हिशोब पाठ होता, पोरांना पाढे असतात तसा. सांभाळणारी बाई अकरा, घरभाडं नऊ, जाणंयेणं दोन, खाणं आणि औषधं सहा. अठ्ठावीस. त्यात साडी नाही, चप्पल नाही, ताप आला तर डॉक्टर नाही. अठ्ठावीस म्हणजे आई घरात. एकोणीस म्हणजे आई आश्रमात आणि ती दिवसभर दुसऱ्यांचे दात रंगवत.

तिने फोन लावला.

"सर, पगाराबद्दल बोलायचं होतं. मला सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. अठ्ठावीसच्या खाली मला परवडणार नाही."

"मॅडम, या पोस्टचं बजेटच तेवढं आहे," मॅनेजर म्हणाला. आवाज गोड होता. "आणि खरं सांगू का, वरची ग्रेड दिली असती, पण ट्रायलमध्ये तुम्ही शेडच चुकवलीत. ए-वन लिहिलं होतं, तुम्ही ए-टू दिलीत. आम्ही दुसऱ्याकडून नवी करून घेतली."

"चुकवली नाही हो. दात वाळलेला होता. कोरण्याआधीचा फोटो बघा—"

"मॅडम, स्लिपवर जे लिहिलंय ते करायचं. आपण डॉक्टर नाही."

तिने फोन ठेवला. गाद्या विकणाऱ्याकडून हे ऐकायची पाळी आली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं हेही तिला टोचत होतं. एक ओळ लिहिली असती तर?

शनिवार, रविवार तिने नुसत्या येरझाऱ्या घातल्या. ताईला सांगितलं तर ती फोनवरच भडकली.

"घे गप ती नोकरी! सहा महिन्यांत दुसरं कुणी विचारलंय का तुला?"

"एकोणीसमध्ये आई राहत नाही, ताई."

"आई तशीही राहत नाही! नोकरी नाही घेतलीस तर आईही जाणार आणि तूही उपाशी. घेतलीस तर निदान तू तरी जगशील. एवढं कळत नाही तुला?"

कळत होतं. सगळं कळत होतं, म्हणून तर घास उतरत नव्हता. पण एकदा एकोणीसवर सही केली, की ती एकोणीसचीच बाई होणार होती. वर्षाने वाढलं तर हजार वाढतील. आई आश्रमातून परत यायची वाट तिथेच बंद. नाही म्हटलं, तर ती वाट बारीकशी का होईना, उघडी राहात होती. वेडेपणा होता का? असेल. माणूस बुडताना कशाला धरतो ते काय शहाणपणाने ठरवतो?

सोमवारी दुपारी आई झोपली होती. मास्तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि मोबाइलवर एका बोटाने लिहायला लागली. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. पहिल्यांदा फार रडकं झालं, दुसऱ्यांदा फार कडक. शेवटी उरलं ते असं:

'सर, मला नोकरी देऊ केल्याबद्दल मनापासून आभार. तुमची लॅब चांगली आहे आणि मला तिथे काम करायला आवडलं असतं. पण एकोणीस हजारांत माझं घर चालत नाही, म्हणून नाइलाजाने मी नकार कळवत आहे. मला किमान अठ्ठावीस हजार हातात मिळणं गरजेचं आहे. पुढेमागे या जागेचं बजेट वाढलं, तर मला जरूर विचारा. मी आनंदाने येईन. ट्रायलमध्ये शेड बदलताना मी स्लिपवर तसं लिहिलं नाही, ही माझी चूक झाली. पण ती कॅप कृपा करून टाकून देऊ नका.'

शेवटचं वाक्य पुसावं की ठेवावं यावर दहा मिनिटं गेली. तिने ते ठेवलं, पाठवलं, आणि मोबाइल पिठाच्या डब्यावर ठेवून ती भिंतीला टेकली. तिने आत्ताच काय केलं होतं? हातातली एकुलती एक नोकरी भिरकावली होती.

ताईला मेल दाखवला तेव्हा ताई कपाळावर हात मारून म्हणाली, "आणि हे काय? कॅप टाकू नका? नोकरी सोडतेयस आणि कॅपची काळजी!"

उत्तर आलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. मोबाइल वाजला की ती न्हाणीघरातून ओल्या हाताने धावायची, आणि असायचा कुणी कर्ज देणारा, नाहीतर चुकीचा नंबर. बुधवारी संध्याकाळी तिने मॅनेजरला फोन करायचं ठरवलं. 'एकोणीसला येते' म्हणायचं, संपलं. नंबरसुद्धा काढला. मग आई आतून म्हणाली, "झाली का गं सुट्टी?" आणि तिने मोबाइल खाली ठेवला. ओढणी तोंडात कोंबून ती हुंदके दाबत बसली. आईपुढे रडलेलं चालत नव्हतं, आई घाबरायची आणि मग दोघी रडायच्या.

गुरुवारी तिने आईची कवळी काढून घेतली. आश्रमात सगळ्यांच्या कवळ्या घासायला एकत्र नेतात आणि मग याची त्याला जाते, हे तिला धंद्यातून माहीत होतं. गुलाबी भागाच्या आतल्या बाजूला तिने बारीक खाच पाडली, कागदाच्या चिठ्ठीवर सगळ्यात बारीक ब्रशने आईचं नाव लिहिलं, चिठ्ठी खाचेत बसवली आणि वरून पारदर्शक मसाला भरला. ट्रायल सोडली तर सहा महिन्यांत हातात घेतलेलं हे पहिलं काम. हात जराही हलला नाही, याचाच तिला राग आला.

तिला काय ठाऊक, की त्याच गुरुवारी तिकडे लॅबमध्ये गोंधळ उडाला होता!

झालं होतं असं. मॅनेजरला तिचा मेल फार गमतीचा वाटला, त्याने जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांना वाचून दाखवला. "कॅप टाकू नका म्हणे!" सगळे हसले. प्लॅस्टरही हसल्यासारखं करून उठला, भंगाराच्या ट्रेमधून ती कॅप शोधली आणि डबीत घालून खिशात टाकली. गुरुवारी डॉक्टरकडे त्या पेशंट बाई कॅप बसवायला आल्या. स्लिपप्रमाणे केलेली ए-वन कॅप दातावर ठेवली, तर बाईच्या तोंडात जणू ट्यूबलाइट लागली. आरशात बघून बाई रडकुंडीला आल्या. शुक्रवारी सकाळी त्यांना परदेशी जायचं होतं. डॉक्टरने लॅबला फोन करून मॅनेजरची खरडपट्टी काढली. नवी करायला दोन दिवस लागणार. मॅनेजरचा चेहरा पडला, तेव्हा प्लॅस्टरने खिशातून डबी काढली.

"ही आहे. मास्तरची. त्याच मॉडेलवर बसवलेली." आणि कुणाची वाट न बघता स्कूटरला किक मारली.

हे सगळं त्याने मास्तरला शुक्रवारी फोन करून सांगितलं. "मास्तर, बसवली आणि डॉक्टर म्हणाला, यातला खरा कुठला आणि खोटा कुठला? आज त्याने आमच्या मालकांनाच फोन केला. म्हणाला, पुढच्या दातांची कामं हिच्याच हातची पाठवा, नाहीतर मी दुसरी लॅब बघतो. या वर्षात त्याच्या अकरा कॅपा परत आल्यात. फुकटात नव्या करून द्याव्या लागतात, मालकाला झोंबलंय. तुम्हाला फोन येणार बघा!"

शुक्रवारभर फोन आला नाही. शनिवारी तीस तारीख होती.

ताई सकाळीच टॅक्सी घेऊन आली. आईची एक बॅग, त्यात चार साड्या, औषधं, कंगवा. आईला वाटलं गावाला जायचंय, ती खुशीत होती. आश्रमाच्या ऑफिसात एक जाडसर बाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात रिकाम्या व्हीलचेअर. फॉर्मवर जन्मतारीख, आजार, चष्मा आहे का, कवळी आहे का. मास्तर 'आहे' लिहीत होती आणि मोबाइल वाजला. मॅनेजर.

"मॅडम, गुड न्यूज. बजेट वाढवून घेतलंय. अठ्ठावीस करतोय. सोमवारपासून या."

ताईचा हात मास्तरने इतका घट्ट धरला की ताई "अगं अगं" करायला लागली.

"सर, मेल करा," ती कशीबशी म्हणाली. "मेल आला की मी लगेच होकार कळवते."

दोघी बाकावर बसल्या. आश्रमाच्या बाई म्हणाल्या, "बसा, घाई नाही." वीस मिनिटांनी मेल आला. ताईने मोठ्याने वाचला आणि मधेच थांबली. पंचवीस हजार. सहा महिन्यांनी काम बघून पुढचा विचार.

मास्तरने मोबाइल हातात घेऊन स्वतः वाचलं. पंचवीसच होते.

"अगं, घे!" ताई म्हणाली. "तीन हजारांनी काय अडतंय?"

"सांभाळणारी बाई पूर्ण दिवसाचे अकरा घेते. आठ दिले तर चारला जाते. मी पोचेपर्यंत सात. तीन तास आई एकटी, ताई. रोज. पातेलं विसरलीस?" मग ती हळूच म्हणाली, "तू देशील तीन?"

ताई खाली बघायला लागली. आज तिच्या नवऱ्याचा शेवटचा दिवस होता ऑफिसातला.

मास्तरने लिहायला घेतलं. या वेळी एकदाही पुसलं नाही. 'सर, पुन्हा विचार केल्याबद्दल आभार. फोनवर अठ्ठावीस ठरले होते, पत्रात पंचवीस आहेत. पंचवीसमध्ये मला येता येणार नाही. बजेट अठ्ठावीस झालं, तर मला जरूर विचारा.' ताईने मोबाइल हिसकावायला हात घातला तोवर मेल गेला होता.

"मेलीस तू!" ताई ओरडली आणि सगळ्या ऑफिसादेखत रडायला लागली. "आता कर सही! कर! पोचव तिला आत!"

मास्तरने सही केली. कवळीची डबी आश्रमाच्या बाईंच्या हातात देऊन म्हणाली, "कवळीच्या आत नाव आहे. बदलली तर बघून घ्या." आईला तिथल्या एका मावशींनी हाताला धरून आत नेलं. आई वळून म्हणाली, "तू शाळेतून आलीस की इथेच ये हं." मास्तरने मान हलवली.

टॅक्सी फाटकातून बाहेर पडली. ताई एका खिडकीला, ही दुसऱ्या खिडकीला. पेट्रोल पंपापर्यंत गेल्या असतील, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

"मी लॅबचा मालक. तुमचे दोन्ही मेल वाचले. पंचवीस मी लिहायला सांगितले नव्हते, ते आमच्या मॅनेजरचं डोकं. अठ्ठावीस हातात. पत्र आत्ता माझ्याकडून निघालंय, बघून घ्या. आणखी काही?"

मास्तरने विचारलं, "स्लिपवरची शेड पटली नाही तर?"

"तुम्ही डॉक्टरला स्वतः फोन करायचा. आणि स्लिपवर लिहायचं," मालक म्हणाले. "न लिहिता मुळीच नाही."

"लिहीन," ती म्हणाली. "सोमवारी येते."

पत्र आलं होतं. तिने आकडा पाहिला, ताईपुढे मोबाइल धरला आणि ताईने वाचायच्या आत टॅक्सीवाल्याला ओरडून सांगितलं, "गाडी वळवा!" तो म्हणाला, पुढे जाऊन वळावं लागेल. तिने दारच उघडलं. वय अठ्ठेचाळीस, पायात रबरी चपला, आणि भर दुपारी रस्त्याच्या कडेने ती पळत सुटली. मागून ताई "अगं पडशील, थांब!" करत होती.

ऑफिसातल्या बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, आत्ताच तर..."

"फॉर्म फाडा," मास्तर धापा टाकत म्हणाली. "मी नेतेय तिला."

आत सहा खाटांची खोली होती. आई शेवटच्या खाटेच्या काठावर बसली होती. बॅग मांडीवर, बॅगेचे बंद दोन्ही हातांत घट्ट, पायांत चपला तशाच. मावशी तिला कधीपासून पाय वर घ्या म्हणून विनवत होत्या आणि आई ऐकत नव्हती.

मुलीला दारात बघून ती वैतागून म्हणाली, "किती उशीर केलास गं? झाली का सुट्टी?"

मास्तर तिथेच जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. आई थोडी घाबरली, मग तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"झाली," मास्तर म्हणाली. "सोमवारपासून पुन्हा शाळा आहे. चल, घरी जाऊ."